‘गोळी घेऊन या’ म्हणजे नेमकं काय करू? दवाखाना, लॅब आणि औषधाच्या दुकानातून मेसेजला उत्तरं देणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमची माझी ओळख काचेतल्या त्या चौकोनी खिडकीतूनच आहे. तुमच्या एका हातात पावतीपुस्तक असतं, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि समोर रांग. डॉक्टर आज आहेत का, रिपोर्ट आला का, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, असं दिवसभर कोणी ना कोणी त्या मोबाइलवर विचारत असतं आणि तुम्ही उत्तरं देत असता. तेही लगेच. पूर्वी एवढंसं विचारायला रिक्षा करून यावं लागायचं, म्हणून उत्तर येतं याचंच आम्हा म्हाताऱ्यांना कौतुक. माझं म्हणणं त्या उत्तरातल्या अक्षरांबद्दल आहे.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यामुळे हा आता ऱ्हस्व-दीर्घावर प्रवचन देणार, असं तुम्हाला वाटेल. नाही देणार. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारांची भर मला पाठ आहे, पण तुम्ही ‘पाणि’ लिहिलंत काय आणि ‘पाणी’ लिहिलंत काय, प्यायचं तेच आहे. ‘नाय’, ‘हाय’, ‘झालं’, ‘पायजे’ असं बोलीतलं लिहिलंत तरी माझी हरकत नाही. आजींना ते ‘पाहिजे’पेक्षा लवकर कळतं. मी लिहितोय ते गळालेल्या अक्षरांबद्दल.

आधी काय घडलं ते सांगतो. माझ्या पत्नीला साखरेचा त्रास आहे. सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची, असं बरीच वर्षं चाललंय. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासायची होती, म्हणून आदल्या संध्याकाळी सूनबाईनं लॅबच्या नंबरवर मेसेज टाकला:

`udya aaichi fasting ahe. file lagel k n goli gheu k`

म्हणजे फाईल लागेल का आणि गोळी घेऊ का. दोन मिनिटांत उत्तर आलं:

`ho file n goli gheu n ya 7 la. pani chalel`

सूनबाईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘हो, फाईल लागेल. आणि गोळी घेऊन या सात वाजता. पाणी चालेल.’ ऐकणाऱ्या आम्हा दोघांना यात काहीच खटकलं नाही. उपाशी जायचंय, पण गोळी पाण्याबरोबर घ्यायला परवानगी आहे, असा आम्ही अर्थ लावला. ‘पाणी चालेल’ या दोन शब्दांनी तर तो पक्काच झाला.

सकाळी साडेसहाला बाईंनी गोळी घेतली. सात वाजता आम्ही लॅबमध्ये. सोमवार होता, आमच्यापुढे वीसेक माणसं. पावणेनऊ झाले तरी नंबर नाही. तेवढ्यात तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि आमच्या बाई कधी नव्हे त्या माझ्यावर भर रांगेत चिडल्या. चिडचिड हेही साखर उतरल्याचं लक्षण असतं, हे मला नंतर कळलं. तिथल्या मुलीनं चटकन बोटाला सुई टोचून बघितलं. साखर ५८. सत्तरच्या खाली गेली की ती कमी धरतात. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, तोवर रंग परत आला होता. त्या मुलीचे आभार मानावेत तेवढे थोडे. मेसेजही तिनंच टाइप केला होता, हे तिनंच सांगितलं.

तिला म्हणायचं होतं, ‘हो, फाईल आणि गोळी, दोन्ही सोबत आणा.’ रक्त देऊन झाल्यावर तिथेच नाश्ता करून गोळी घ्यायची होती. पाणी चालेल ते नुसतं तहान लागली तर.

ती एक ओळ मी नंतर मुद्रितासारखी घेऊन बसलो. `gheu n ya` या तीन तुकड्यांचे तीन अर्थ होतात. एक, घेऊन या, म्हणजे गिळून मग या. दोन, घेऊन या, म्हणजे पिशवीत टाकून आणा. तीन, घेऊ न, या. म्हणजे ‘घेऊ नका, तसेच या’, मधला ‘का’ घाईत गळालेला. पहिला आणि तिसरा अर्थ एकमेकांच्या बरोबर उलट, आणि तिन्ही त्याच अक्षरांत सुखानं नांदतात. वर आधीचा `n`. तो ‘नि’ आहे, म्हणजे आणि. तो फाईल आणि गोळीला जोडतो, की ‘हो फाईल’ हे एक उत्तर संपवून दुसरं सुरू करतो, हे टाइप करणाऱ्या मुलीलाच माहीत.

इथे एक कबुली द्यायला हवी. हीच ओळ कोणी देवनागरीत, पूर्ण, शुद्ध लिहिली असती, ‘हो, फाईल आणि गोळी घेऊन या’ अशी, तरी घोटाळा उरलाच असता. औषधाच्या बाबतीत ‘घेणं’ हे क्रियापदच दुतोंडी आहे. घेणं म्हणजे गिळणं आणि घेणं म्हणजे हातात धरणं. पण मला असं दिसलंय की अक्षरं वाचवणारं बोट पुढे शब्दही वाचवतं. `n` लिहिणारा ‘सोबत आणा’ लिहीत नाही. जो ‘गोळी’ नीट लिहायला थांबतो, त्याला तेवढ्या थांब्यात निदान एकदा दिसतं, की अरे, हे दोन प्रकारे वाचता येईल.

आता तुम्ही म्हणाल, पोरंबाळं सगळीकडे `ky`, `nhi`, `mg`, `pn` लिहितात, त्यांचं काही अडत नाही. खरंच अडत नाही. `kt ahes` असं मुलानं लिहिलं की मी ‘कुठे आहेस’ असंच वाचतो, कारण मुलगा माझा, वेळ सातची, आणि मी दूध आणायला गेलोय हे दोघांना ठाऊक. गळालेली अक्षरं ओळख भरून काढते. तुमच्या आमच्यात ती ओळख नसते. शिवाय तुमचं उत्तर तुम्ही ज्याला पाठवता तो वाचतो, आणि ज्याला गोळी घ्यायची तो ऐकतो. वाचून दाखवणारा प्रत्येक गाळलेला स्वर आपल्या मनानं भरतो. ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो तो एकच, ठाम अर्थ. मूळ ओळ धूसर होती, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

मराठीत हे जास्त नडतं, कारण आपला नकार वाक्याच्या शेपटाशी असतो आणि तो फार बारीक असतो. घेऊ का, घेऊ ना, घेऊ नका. `gheu k`, `gheu n`, `gheu nk`. पहिला प्रश्न, दुसरा आग्रह, तिसरी मनाई. यांतलं एक अक्षर बोटाखालून सटकलं की मनाईचा आग्रह होतो. `yenar na` हे तर रोजचं: ‘डॉक्टर येणार ना’ की ‘डॉक्टर येणार नाहीत’? विचारणाऱ्यानं लिहिलं असेल तर पहिलं, उत्तर देणाऱ्यानं लिहिलं असेल तर बहुधा दुसरं. पण मेसेज तिसऱ्याच माणसाकडे पुढे ढकलला गेला, की कोणी लिहिलंय तेच दिसत नाही. म्हणून माझी पहिली मागणी ही, की नकार कधीही कापू नका. ‘नका’, ‘नाही’, ‘नये’, ‘न घेता’ हे शब्द पुरते लिहा, आणि जमल्यास नकाराचं वेगळं वाक्य करा.

दुसरी गोष्ट मानाची आहे, आणि ती कोणी जाणूनबुजून करत नाही, हे मला माहीत आहे. मराठीत ‘बघ’ आणि ‘बघा’, ‘थांब’ आणि ‘थांबा’, ‘सांग’ आणि ‘सांगा’ यांच्यात फरक फक्त एका काना-मात्रेचा. काना-मात्रेचा म्हणजे कान्याचाच. अहोजाहोचं सगळं वजन त्या एका उभ्या रेघेवर. आणि चॅटमध्ये सगळ्यात आधी गळतो तो स्वरच. माझे एक शेजारी, वय पंचाहत्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना एका दवाखान्यातून उत्तर आलं: `sir nahit. thamb 5 min`. काउंटरवरच्या मुलाला ‘थांबा’ म्हणायचं होतं यात शंका नाही. पण गुरुजींनी तो दवाखाना बदलला. ‘तो माझा विद्यार्थी असता तर त्याला बाकावर उभा केला असता,’ म्हणाले. मी म्हटलं, अहो, एका `a`साठी? म्हणाले, ‘त्या `a`साठीच.’

तिसरं म्हणजे आकडे. अक्षरं कापता येतात, पण आकड्याला चिकटलेलं अक्षर कापलं की आकडाच बदलतो. औषधाच्या दुकानातून `1/2 goli` असं लिहून येतं. लिहिणाऱ्याच्या मनात अर्धी गोळी. आमच्या वाड्यातल्या एका आजींनी ते ‘एक-दोन गोळी’ असं वाचलं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? बाजारात ‘१/२ दिवसांत माल येईल’ असं आपण सर्रास लिहितोच की. मराठीत यासाठी पाव, अर्धी, पाऊण, दीड, अडीच असे इतके चोख शब्द आहेत, की त्यांना अपूर्णांकाची रेघ लागतच नाही. ‘अर्धी गोळी’ लिहिलं की संपलं. तसंच `2da`. हे दोनदा, की ‘दोन द्या’? आणि `3 d` म्हणजे तीनदा की तीन दिवस? दिवसातून तीनदा आणि तीन दिवस यांत केवढा फरक आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. `1-0-1` तुम्हाला सकाळ-दुपार-रात्र दिसतं; ज्यानं कधी चिठ्ठी वाचलेली नाही त्याला तो कसला तरी नंबर वाटतो. ‘सकाळी एक, रात्री एक, दुपारी नाही’ असं लिहायला किती वेळ लागतो?

वेळेचंही तेच. `5.30 la ya` एवढ्यानं भागत नाही. सकाळी की संध्याकाळी ते लिहा. ‘परवा’ तर तुम्ही पूर्ण लिहिलात तरी अर्धाच आहे. आपल्या भाषेत गेलेला आणि येणारा असे दोन्ही परवा एकाच शब्दात राहतात. ‘रिपोर्ट परवा’ यावरून तो आला की यायचाय, हे कळत नाही. वार आणि तारीख द्या: ‘रिपोर्ट गुरुवारी, १४ तारखेला संध्याकाळी ५ नंतर मिळेल.’

अक्षरं वाचवणं हे काही आजच्या पोरांचं पाप नाही. आम्हीही वाचवली. कार्डावर वर ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ आणि पत्त्यात ‘मु. पो., ता., जि.’ लिहिलं नाही असा माझ्या वयाचा माणूस सापडणार नाही. साष्टांग नमस्कार विनंती विशेष एवढं लांबलचक कोण लिहीत बसणार? पण त्या प्रत्येक तुकड्यापुढे एक टिंब असायचं. ते टिंब वाचणाऱ्याला सांगायचं, की इथे काहीतरी कापलंय, ते तू भर. शिवाय ते तुकडे ठरलेले होते. ‘ता.’चा अर्थ पत्त्यात तालुका आणि पत्राच्या कोपऱ्यात तारीख, यावर साऱ्या मुलखाचं एकमत होतं. कार्डाची जागा मोजकी, म्हणून ही काटकसर. आणि काटकसर नमस्कारात चालायची, निरोपात नव्हे. ‘आईची तब्येत बरी नाही’ हे वाक्य कोणी कधी ‘आ. त. ब. ना.’ असं लिहिलं नाही.

मोबाइल आले तेव्हाही जागेचंच कारण होतं. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची, देवनागरी ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी ही एकेक अक्षर म्हणूनच मोजली जायची. त्यामुळे मराठी माणूस रोमनकडे वळला आणि तिथेही स्वर वाचवायला लागला. कारण खरं होतं, पण ते सत्तर अक्षरांचं कुंपण पडून बरीच वर्षं झाली. आता पानभर लिहिलंत तरी पैसा जास्त पडत नाही. कुंपण गेलं, वाकून जायची सवय मात्र राहिली.

रोमन लिहूच नये असं मी म्हणत नाही. समोरच्यानं रोमनमध्ये विचारलं तर रोमनमध्ये उत्तर द्या, देवनागरीत विचारलं तर देवनागरीत. त्याला कोणती लिपी वाचता येते, हे त्यानं विचारतानाच सांगितलेलं असतं. पण लिपी त्याची उचललीत तरी त्याची काटछाट उचलू नका. त्यानं `gheu k` असं विचारलं म्हणून `gheu nk` हे उत्तर होत नाही. `gheu naka` एवढं तरी हवं. विचारणारा घाईत असू शकतो. त्याच्या प्रश्नातलं अक्षर गळालं तर तुम्ही उलट विचारू शकता. तुमच्या उत्तरातलं गळालं तर तो विचारत नाही, थेट तसं करून मोकळा होतो. आणि ज्यांची नजर गेलीय, जे फोनकडून मेसेज वाचून घेतात, त्यांच्यासाठी देवनागरीच बरी. आमच्या एका स्नेह्यांचा फोन देवनागरी मजकूर चांगला मराठी आवाजात वाचतो. रोमनमधलं मराठी तो साहेबाच्या थाटात वाचतो, आणि `nk` आलं की ‘एन के’ म्हणून गप्प बसतो.

अजून एक कापलेला शब्द आहे, आणि तो शुद्धलेखनाच्या दृष्टीनं अगदी निर्दोष आहे: ‘हो’. ‘उद्या काही खाऊन यायचं नाही ना?’ याला ‘हो’ म्हटलं तर काय? हो, खाऊ नका. की हो, खाऊन या? नुसता अंगठा दाखवला तर त्याहून वाईट, विशेषतः एका मेसेजात दोन प्रश्न असले तर. अंगठा कोणत्या प्रश्नाला? आमच्या सूनबाईच्या मेसेजात दोन प्रश्न होते, आणि उत्तराच्या सुरुवातीचं `ho` पहिल्याचं होतं की दोन्हींचं, यावरच पुढचं सगळं रामायण घडलं. तेव्हा क्रियापद परत लिहा. ‘काही खाऊ नका. उपाशीच या.’

रांग समोर असताना हे सगळं टाइप कसं करायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्यावर त्या लॅबच्या मुलीनंच तोड काढली. त्यांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप आहे. त्यात ठरावीक उत्तरं एकदा लिहून ठेवता येतात, आणि `/` दाबून खुणेचा शब्द टाकला की अख्खा मजकूर येतो. आम्ही दोघांनी मिळून एक मजकूर तयार केला. गोळी घ्यायची की नाही हे ठरवणं डॉक्टरांचं काम. रक्तदाबाच्या गोळीचा नियम वेगळा असू शकतो, इन्सुलिनचा वेगळा. म्हणून तो मजकूर आधी त्यांच्या डॉक्टरांनी तपासला, मग मी. आता `/upashi` टाकलं की असं जातं:

‘सकाळी ७ वाजता उपाशीपोटी या. रात्रीच्या जेवणानंतर ८ ते १० तास काही खाऊ नका. चहाही नको. साधं पाणी चालेल. साखरेची गोळी घरी खाऊ नका, सोबत आणा. रक्त दिल्यावर नाश्ता करा आणि मग गोळी घ्या. जुनी फाईल आणा. दुसरी कुठली गोळी चालू असेल तर आत्ताच कळवा.’

यात ‘घेऊन या’ कुठेही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘घरी खाऊ नका’ आणि ‘सोबत आणा’ अशी दोन सुटी क्रियापदं आली. पहिल्या मसुद्यात मी ‘सेवन करू नये’ असं लिहिलं होतं. तिनं खोडलं. बरोबर केलं.

अशी तयार उत्तरं तुम्हाला फार लागणार नाहीत. उपाशीपोटीची तपासणी, रिपोर्टची तारीख, डॉक्टरांच्या वेळा, लघवीचा नमुना कसा आणायचा, आणि ‘हे फोनवर सांगता येणार नाही, कृपया येऊन भेटा’ यांत तुमचे निम्मेअधिक मेसेज निघतील. उरलेल्यांत नकार, आकडा आणि वेळ तेवढी नीट लिहिलीत की बाकीचं `ok`, `mg`, `pn` खुशाल चालू द्या. ‘रिपोर्ट आला’ एवढं कळवताना `aala` लिहा नाहीतर `ala`, आमचं काही बिघडत नाही.

तुमच्यापैकी कोणी असे मजकूर करून ठेवणार असाल आणि मराठी तपासून हवं असेल, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयात मी रोज सकाळी दहा ते बारा बसतो. लाल पेन माझं. पैसे नकोत.

कळावे, लोभ असावा.

एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. – हे पत्र टाइप सूनबाईनं केलं. तिचा मेसेज वर जसाच्या तसा छापलाय, तो नीट करून घालू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे. मग संध्याकाळी तिचा स्वयंपाकघरातून मेसेज आला, `baba jevay ya`. ‘या’ पूर्ण होता. मी गेलो.